अठरा मुले, एकच खाऊचा डबा

प्रश्न: ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या मुलीला सात वर्षे पूर्ण होतील. संध्याकाळी घरी अठरा मुले येणार आहेत. त्यांत दोन जैन आहेत, तीन मुस्लिम आहेत, काही अंडेही न खाणाऱ्या घरांतली आहेत आणि एका मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. जाताना त्यांच्या हातात कोणता खाऊ द्यावा? प्रत्येकाचे पाकीट वेगळे करावे, की सरळ सगळ्यांना सुका मेवा द्यावा? (पुण्याहून एक आई)

उत्तर:

मी पुण्यात मुलांच्या कार्यक्रमांसाठी खाऊचे डबे करून देते, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर जवळजवळ प्रत्येक कामात येतो. माझ्या मते तुमच्यापुढची खरी अडचण पदार्थ निवडण्याच्या आधीच सुरू होते. तुम्ही मुलांची विभागणी धर्मानुसार केली आहे, पण डब्यात काय घालायचे हे धर्माच्या नावावरून पूर्ण कळत नाही. एकाच इमारतीतल्या दोन जैन घरांपैकी एक घर फक्त कांदा, लसूण आणि बटाटा टाळते, तर दुसरे चातुर्मासाचे सगळे नियम पाळते. मुस्लिम घरांतही कोणी फक्त मांसाबाबत काटेकोर असते, तर कोणी केकच्या इसेन्समध्ये अल्कोहोल आहे का, हेही विचारते. शिवाय घराचा नियम आणि मुलाची ॲलर्जी या दोन्ही गोष्टी एका यादीत दिसत असल्या, तरी त्या हाताळण्याची रीत वेगळी आहे. नियमाच्या बाबतीत पदार्थात काय घातले, हे बहुतेक वेळा पुरेसे असते. ॲलर्जीच्या बाबतीत तो पदार्थ कोणत्या कढईत झाला, हेही पाहावे लागते.

वेगवेगळी पाकिटे करू नका, असेच मी सांगेन. मुलाला आपण निराळे आहोत असे वाटते, हे कारण आहेच, पण त्याहून मोठे कारण व्यवहाराचे आहे. सहा-सात वर्षांची मुले खाऊची अदलाबदल करतात आणि ती लिफ्टमध्ये किंवा जिन्यातच, कोणाही मोठ्या माणसाच्या नजरेआड होते. पाकिटावर नाव लिहिले, तरी आतली गोळी कोणाच्या तोंडात जाईल, ते तुमच्या हातात उरत नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेला मुलगा त्या घोळक्यात असताना चिक्कीची वडी दुसऱ्याच्या पाकिटात असणे पुरेसे सुरक्षित नाही. म्हणून अठराही डब्यांत एकच खाऊ असावा आणि तो सर्वांत कडक नियमाच्या घरालाही चालावा. त्यासाठी पदार्थ कमी ठेवा आणि प्रत्येक पदार्थातले घटकही कमी ठेवा.

आता पालकांना विचारायचे कसे, ते पाहू. ‘तुम्ही जैन आहात ना, मग काय चालेल?’ असे एकेकाला विचारू नका. सगळ्या अठरा घरांना एकच संदेश पाठवा. मी सहसा असा मजकूर सुचवते: ‘मुलांना घरी नेण्यासाठी राजगिऱ्याचे लाडू आणि फळांच्या स्वादाची जेली देण्याचा विचार आहे. लाडवात राजगिरा, गूळ आणि तूप एवढेच असेल. जेलीच्या पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो सोबत आहे. यांतले काही तुमच्याकडे चालत नसेल, कशाची ॲलर्जी असेल, किंवा त्या दिवशी उपवास असेल, तर कृपया कळवावे.’ घटक समोर ठेवले, की पालकांना नेमके उत्तर देता येते. ‘काय चालत नाही?’ असा मोकळा प्रश्न विचारला, तर बरेच जण संकोचाने ‘काहीही चालेल’ असे लिहितात आणि नंतर मुलाच्या हातातला डबा घरी जाऊन बाजूला ठेवतात.

दुकानातून आणलेल्या वस्तूंच्या बाबतीत बहुतेकांचा भरवसा हिरव्या खुणेवर असतो, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते. भारतात पाकीटबंद खाद्यपदार्थावर शाकाहारासाठी हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका असतो आणि मांसाहारासाठी तपकिरी चौकटीतला तपकिरी त्रिकोण असतो. पूर्वी तिथेही ठिपकाच असे, तो २०२०च्या लेबल नियमांनी बदलला. अंडे असलेला पदार्थ मांसाहारी गणला जातो, त्यामुळे अंडे न खाणाऱ्या घरांसाठी ही खूण उपयोगाची आहे. मात्र त्याच नियमांत दूध, दुधाचे पदार्थ, मध, मधमाश्यांचे मेण आणि शेलॅक म्हणजे लाखेपासून केलेला चकाकीचा थर यांना मांसाहाराच्या व्याख्येतून वगळले आहे. याचा अर्थ असा, की हिरवा ठिपका असलेल्या पदार्थात मध असू शकतो, जो जैन घरांत वर्ज्य मानतात, आणि रंगीत चकचकीत गोळ्यांवर लाखेचा थर असू शकतो. कांदा-लसणाची पूड घातलेल्या वेफर्सवर तर हिरवा ठिपका असतोच. थोडक्यात, ही खूण अंडे आणि मांस यांपुरती पाहावी. पुढचे सगळे घटकांच्या यादीत वाचावे लागते.

यादीत मुलांच्या खाऊपुरते तीन शब्द आधी शोधावेत. पहिला जिलेटिन. मार्शमॅलो आणि पुष्कळशा चघळायच्या जेलींना तो मऊ-चिवट पोत जिलेटिनमुळे येतो. ते प्राण्यांच्या कातडीपासून आणि हाडांपासून काढतात, मुख्यतः डुकराच्या आणि गाई-बैलांच्या. दुसरा मध, आणि तिसरा चकाकीचा थर, जो यादीत शेलॅक किंवा आयएनएस ९०४ असा, आणि मधमाश्यांचे मेण असेल तर आयएनएस ९०१ असा दिसतो. जिलेटिनऐवजी पेक्टिन वापरलेल्या जेली आता सहज मिळतात. पेक्टिन सफरचंदाच्या चोथ्यापासून आणि लिंबूवर्गीय फळांच्या सालींपासून काढतात, म्हणून ते सगळ्या घरांना चालण्यासारखे आहे.

परदेशातून नातेवाइकांनी सामानातून आणलेला खाऊ मुलांच्या डब्यात घालू नये, असा माझा ठाम आग्रह असतो. त्यावर आपल्या ठिपका-त्रिकोणाची खूण नसते. एका कार्यक्रमाच्या वेळी यजमानीण बाईंनी दुबईहून आलेली जेलीची मोठी पिशवी माझ्याकडे दिली. ‘हलाल लिहिलेले आहे, म्हणजे मुस्लिम मुलांचा प्रश्न सुटला,’ असे त्या म्हणाल्या. त्यांचे म्हणणे त्या मुलांपुरते बरोबर होते. पण हलाल जेलीतले जिलेटिन बहुधा गोवंशाचे असते आणि त्या पिशवीवरही तसेच छापलेले होते. उरलेल्या बहुतेक घरांना ती जेली चालली नसती. एका घराची अडचण दूर करणारी खूण दुसऱ्या घराची अडचण ठरते, ते असे. युरोपातून आलेल्या पिशवीत नेमके उलटे घडू शकते. तिथे जिलेटिन डुकराचे असण्याची शक्यता मोठी असते.

मुस्लिम मुलांच्या बाबतीत साध्या शाकाहारी गोड पदार्थात सहसा अडचण येत नाही. दोन गोष्टी मात्र पाहाव्यात. एक म्हणजे अल्कोहोल. रम घातलेली चॉकलेटे आणि केक तर वगळायचेच, पण अस्सल व्हॅनिला अर्क अल्कोहोलमध्येच काढलेला असतो, हेही लक्षात ठेवा. काही घरे तो टाळतात, काही चालवून घेतात, त्यामुळे केकवाल्याला विचारून ठेवलेले बरे. दुसरी गोष्ट नैवेद्याची. वाढदिवसाच्या दिवशी घरात पूजा असेल, तर मुलांचे डबे नैवेद्य दाखवण्याच्या आधीच बाजूला काढून ठेवा आणि नैवेद्याचा शिरा किंवा पेढा त्यांत मिसळू नका. देवापुढे ठेवलेले अन्न काही मुस्लिम आणि ख्रिश्चन घरांत खात नाहीत. हे आपल्याला आधी माहीत असले, की त्या मुलावर हात मागे घेण्याची वेळ येत नाही. आपल्याकडे ही काळजी शेजारधर्मात पूर्वीपासून घेतली जाते. ईदला अनेक मुस्लिम घरांतून शाकाहारी शेजाऱ्यांकडे शिजवलेल्या शीरखुर्म्याऐवजी शेवया, साखर आणि सुका मेवा असा कोरडा शिधा जातो. गोव्यात नाताळच्या ताटातले दोदोल तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि गूळ यांचे असते, त्यामुळे अंडी न खाणाऱ्या शेजाऱ्यांना ते देता येते. त्याच ताटातल्या बेबिंकात मात्र भरपूर अंडी असतात.

आता तुमचा सुका मेव्याचा विचार. तो निरुपद्रवी वाटतो, पण तुमच्या तारखेला आणि तुमच्या यादीला तो जुळत नाही. ऑगस्टचा शेवट म्हणजे चातुर्मास, आणि या काळात पुष्कळ श्वेतांबर जैन घरांत सुका मेवा खात नाहीत. पर्युषण पर्वही याच सुमारास येते, तेव्हा नियम आणखी कडक होतात. अंजीर तर अनेक जैन घरांत एरवीही वर्ज्य असते. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या काही मुलांना काजू, बदाम, अक्रोड यांचाही त्रास होतो, आणि सुटा मेवा विकणाऱ्या दुकानात एकच माप शेंगदाण्यांच्या आणि काजूंच्या डब्यात फिरत असते. एखाद्याचे धाकटे भावंड सोबत आले, तर अख्ख्या दाण्यांचा आणखी एक धोका असतो. चार-पाच वर्षांखालच्या मुलांच्या श्वासनलिकेत ते अडकू शकतात.

बाकीचे नेहमीचे पर्यायही मी तुमच्या यादीवर तपासून पाहिले. पेढा बहुतेक घरांना चालेल, पण ऑगस्टच्या दमट हवेत खवा लवकर बिघडतो, आणि जैन घरांत खव्याच्या मिठाईची मुदत फारच थोडी मानतात. बेकरीतली सुटी बिस्किटे आणि नानकटाई यांवर कोणतीच खूण नसते, आणि बिनअंड्याचा माल बऱ्याचदा अंड्याच्याच ट्रेवर भाजला जातो. साधे चॉकलेट घटकांच्या दृष्टीने चालण्यासारखे असते, पण बहुतेक वेष्टनांवर कवचफळांचा अंश असू शकतो असा इशारा छापलेला असतो. त्यामुळे त्या एका मुलासाठी ते बाद होते. आणि आपण सगळ्यांनी मिळून एकच डबा ठरवला आहे.

उरतो राजगिरा. त्यात धान्य नाही, दूध-तुपाखेरीज प्राणिजन्य काही नाही, कंद नाही, आणि श्रावणातल्या किंवा चतुर्थीच्या उपवासालाही तो चालतो. पण इथेच नेमकी चूक होते. घटकांच्या दृष्टीने सर्वांना चालणारा हा लाडू बाजारात बहुतेक वेळा चिक्की करणाऱ्याकडेच तयार होतो. तीच कढई, तोच ओटा आणि तेच लाटणे दाण्यांच्या चिक्कीलाही वापरलेले असते. शिवाय काही जण राजगिऱ्याच्या लाडवात दाण्याचे कूटही घालतात. म्हणून तुमच्या यादीतल्या त्या एका मुलाखातर हा लाडू घरीच करा.

चार वाट्या राजगिऱ्याच्या लाह्यांना एक वाटी बारीक चिरलेला गूळ, दोन चमचे तूप आणि दोन-तीन चमचे पाणी पुरते. लाह्या आधी चाळून घ्याव्यात, म्हणजे न फुटलेले दाणे आणि कचकच खाली जाते. गूळ, पाणी आणि तूप मंद आचेवर ठेवून सतत ढवळावे. पाकावर फेस येऊन तो दाट दिसू लागला, की वाटीभर गार पाण्यात एक थेंब टाकून पाहावा. थेंब पसरला, तर पाक कच्चा आहे. बोटांनी त्याची घट्ट पण दाबली जाणारी गोळी वळता आली, तर लाडवाचा पाक झाला. गोळी काचेसारखी तडकली, तर तो चिक्कीचा पाक झाला आणि लाडू दातांना कडक लागतील. गॅस बंद करून लाह्या घालाव्यात, भराभर मिसळाव्यात आणि हाताला पाणी लावून गरम असतानाच वळावेत. एवढ्यात लिंबाएवढे बारा ते पंधरा लाडू होतात. अठरा मुलांना दोन-दोन द्यायचे म्हणजे छत्तीस लागतील, म्हणून तीन वेळा वेगवेगळा पाक करा. सगळे एकदम करायला गेलात, तर निम्मे वळून होण्याच्या आत उरलेला पाक आळतो आणि लाडू सुटतात. पावसाळी हवेत हे लाडू ओल धरून मऊ पडतात, त्यामुळे आदल्या दिवशी करून पूर्ण गार झाल्यावर लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. कोरड्या मिठाईची मुदत जैन घरांत पावसाळ्यात १५, उन्हाळ्यात २० आणि हिवाळ्यात ३० दिवसांपर्यंत मानतात, त्यामुळे त्या बाजूनेही एका दिवसाची काळजी नाही.

मराठी स्वयंपाकघरात दाण्याचे कूट जवळजवळ रोज वापरले जाते, हे इथे विसरू नका. लाडू करायच्या दिवशी इतर स्वयंपाकाच्या आधी तेच करा. ओटा साबणाने पुसून घ्या, कढई आणि उलथणे स्टीलचे घ्या, कारण लाकडी उलथण्याच्या भेगांत जुने कण राहतात. तुपाचा डबा नवा फोडा, कारण घरातल्या तुपात कूट लागलेला चमचा बुडालेला असू शकतो. लाह्या पाकीटबंद घ्या आणि पाकिटावर शेंगदाण्याचा इशारा आहे का, ते वाचा. एवढे करूनही शेवटचा निर्णय त्या मुलाच्या आईवडिलांचा असावा. त्यांना घटक, लाह्यांच्या पाकिटाचा फोटो आणि ‘आमच्या घरात एरवी शेंगदाणे वापरतात’ ही माहिती स्पष्ट कळवा. ॲलर्जी किती तीव्र आहे, हे त्यांनाच ठाऊक असते. त्यांनी नको म्हटले, तर लाडवाचा बेत रद्द करून अठराही डब्यांत त्यांनी सांगितलेली पाकीटबंद वस्तू घाला.

सोबत पेक्टिनच्या जेलीची छोटी बंद पाकिटे ठेवावीत, कारण नुसत्या लाडवाने सात वर्षांची मुले खूश होतीलच असे नाही आणि डबा उघडताना त्यांना काहीतरी रंगीत दिसायला हवे. पाकीट निवडताना हिरवा ठिपका पाहा, यादीत जिलेटिन नाही हे पाहा, मग मध आणि ९०१, ९०४ हे क्रमांक शोधा आणि शेवटी ॲलर्जीचा इशारा वाचा. साखर पेरलेली जेली घेतली, तर चकाकीच्या थराचा प्रश्न सहसा येत नाही. डब्याच्या झाकणावर एक चिठ्ठी चिकटवा: ‘राजगिऱ्याचा लाडू: राजगिरा, गूळ, तूप. अंडे, मध, सुका मेवा नाही. घरी केलेला, तारीख अमुक.’ ही चिठ्ठी मुलांपेक्षा रात्री डबा उघडणाऱ्या आजीसाठी जास्त उपयोगी पडते, कारण तुमचा संदेश तिच्यापर्यंत पोहोचलेला नसतो.

दोन गोष्टी राहिल्या. पहिली वेळेची. सूर्यास्तानंतर न खाणारी जैन घरे पुष्कळ आहेत आणि ऑगस्टअखेरीस पुण्यात सूर्य सातच्या आतच मावळतो. केक कापायला साडेसात झाले, तर ती दोन मुले केकसमोर नुसती उभी राहतील. पाचला सुरुवात करून साडेपाचपर्यंत केक कापावा. केक बिनअंड्याचा सांगताना जिलेटिनची सजावट नको, हे वेगळे सांगा, कारण वरची छोटी मार्शमॅलो बऱ्याचदा केकवाला विचारात घेत नाही. डबा मात्र घरी न्यायचा असल्याने त्याला वेळेचे बंधन नाही. कोणाचा उपवास असेल, तर तो दुसऱ्या दिवशी खाईल.

दुसरी गोष्ट अशा घराची, जे बाहेरचे शिजवलेले काहीच खात नाही. काही जैन आणि काही वैष्णव घरांत हा नियम असतो आणि त्यात तुमच्या स्वच्छतेबद्दल शंका नसते. तुमच्या संदेशावर एखाद्या घराने तसे कळवले, तर त्यांच्यासाठी अपवाद करण्याऐवजी सगळ्याच डब्यांत लाडवांच्या जोडीला एकेक अख्खे फळ ठेवा. केळे किंवा मोसंबे चालेल. साल न सोललेले अख्खे फळ सहसा त्या घरांतही घेतात, तरी त्यांना एकदा विचारून घ्या. ते मूल डब्यातले फळ खाईल, जेलीचे पाकीट त्याची आई पाहून ठरवेल आणि लाडू त्यांच्या घरी कोणी नाही खाल्ले तरी हरकत नाही.

तुमच्या तारखेला अजून अवधी असेल, तर संदेश निदान दहा दिवस आधी पाठवा, म्हणजे उत्तरे आल्यावर लाह्या आणि जेली विकत घेता येतील.